साखरेचं सिरप: कोणतं किती दिवस टिकतं?

घरी कॉकटेल करणारा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो दारूपाशी नाही, साखरेपाशी. रम, लिंबू आणि बर्फ ग्लासात घालून त्यात चमचाभर साखर ढवळली की ती तळाशी बसते. सुरुवातीचे घोट आंबट आणि शेवटचा घोट दातात करकरणारा, असा प्रकार होतो. साखर थंड पाण्यात सावकाश विरघळते आणि अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. म्हणून बारमध्ये साखर आधीच पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवतात. तेच सिंपल सिरप.

यात साखर आणि पाणी समान असतात, पण समान वजनाने. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी मंद आचेवर ठेवून ढवळायचं, दाणा दिसेनासा झाला की गॅस बंद. याचं साधारण 325 मिली सिरप होतं. वाटीने मोजलं तर गणित थोडं चुकतं. दाणेदार साखरेत मध्ये हवा असते, त्यामुळे वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा वजनाला कमी भरते आणि सिरप पातळ होतं. घरात स्वयंपाकाचा काटा असेल तर तो इथे वापरावा.

पाकाची सवय असलेल्या हातांना एक मोह आवरावा लागतो. लाडवांसाठी एकतारी पाक करताना उकळत ठेवून तार तपासतात. इथे उकळत ठेवलं की पाणी उडतं, प्रमाण बदलतं आणि पुढच्या प्रत्येक ग्लासाची चव बदलते. पाकातली मळी काढायला दूध घालतात, तेही इथे नको, कारण दुधाचा अंश राहिला तर बाटली लवकर नासते. सिरप गढूळ दिसलं तर स्वच्छ सुती कापडातून गाळून घेतलं की झालं.

रिच सिरपमध्ये साखर दुप्पट, म्हणजे 400 ग्रॅम साखरेला 200 मिली पाणी. हे दाट असतं, ग्लासात पाणी कमी जातं आणि पेयाला अंग येतं. मात्र ते सिंपलच्या जागी तेवढंच ओतलं तर पेय गोडमिट्ट होतं. क्युबातल्या खाणीच्या गावाचं नाव मिळालेली दाइकिरी घेऊ. तिच्यात 60 मिली पांढरी रम, 30 मिली लिंबाचा रस आणि 20 मिली सिंपल सिरप असतं. 20 मिलीमध्ये साधारण 12 ग्रॅम साखर आली. तेवढीच साखर रिच सिरपच्या 14 मिलीमध्ये असते. पाककृतीत नुसतं ‘सिरप’ लिहिलेलं असेल तर सहसा ते सिंपल धरावं, आणि रिच वापरायचं तर त्याचा तिसरा हिस्सा कमी करावा.

दुप्पट साखर ही पाण्याची जवळजवळ शेवटची मर्यादा आहे. साध्या तापमानाला पाणी साधारण तेवढीच साखर धरून ठेवू शकतं, थंडीत त्याहून कमी. म्हणून रिच सिरपच्या बाटलीत फ्रिजमध्ये कधीकधी खडे जमतात. ते नासणं नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की खडे विरघळतात. करतानाच लिंबाचे चार थेंब घातले तर खडे कमी धरतात, पाक साखरू नये म्हणून आपल्याकडे लिंबू पिळतात त्याच कारणाने: आंबटपणा आणि उष्णता मिळून थोडी साखर फोडतात आणि फुटलेली साखर स्फटिक होऊ देत नाही.

टिकण्याचा हिशेब याच दाटपणाशी बांधलेला आहे. बुरशीला आणि यीस्टला वाढायला मोकळं पाणी लागतं आणि साखर पाण्याला धरून ठेवते. सिंपल सिरपमध्ये मोकळं पाणी बरंच उरतं, म्हणून ते फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे धरावं. रिच सिरप तीन महिने निर्धास्त आणि स्वच्छता पाळली तर सहा महिन्यांपर्यंत जातं. मुंबईच्या उकाड्यात सिंपल सिरप ओट्यावर ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. 325 मिली सिंपलमध्ये मोठा चमचाभर व्होडका घातली तर आयुष्य आणखी वाढतं. फक्त ती बाटली मग मुलांच्या लिंबू सरबताला वापरायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

बुरशी बहुतेक वेळा पृष्ठभागावरच का धरते? गरम सिरप भरून लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि ते थेंब वरच्या थरावर पडतात. तेवढा पातळ थर पुरेसा पाणचट होतो आणि खालचं सिरप दाट असूनही वर पांढरे धागे तरंगू लागतात. म्हणून काचेची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, सिरप स्वच्छ कापडाखाली निववून मग झाकण लावावं आणि अधूनमधून बाटली हलवावी. गढूळपणा, बारीक बुडबुडे, उघडताना ‘फस्स’ किंवा ताडीसारखा वास आला तर बाटली रिकामी करायची. वरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरणं धोक्याचं.

स्वादाची सिरपं याच पायावर उभी राहतात, पण त्यात जे घालू ते स्वतःचं पाणी आणि स्वतःचे जंतू घेऊन येतं, त्यामुळे मुदत कमी होते. वेलची, दालचिनी, मिरे असे कोरडे मसाले ठेचून सिरपमध्ये पाच मिनिटं मंद तापवावे, अर्धा तास झाकून ठेवून गाळावे. हे सिंपल सिरप असेल तर दोन-तीन आठवडे टिकतं. लवंग मात्र एक-दोनच. गवती चहाची चार पाती तुकडे करून आच बंद केल्यावर टाकावी आणि वीस मिनिटांनी काढावी. पुदिन्याला दहा मिनिटं पुरतात. उकळला तर तो काळपट पडतो आणि कडवटतो. ओल्या पाल्याची सिरपं आठवडा ते दहा दिवसांत संपवावी. आल्याच्या रसाचा तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातला स्टार्च असतो, त्यामुळे रस थोडा थांबवून वरचाच घ्यावा.

फळांचं सिरप सगळ्यात नाजूक. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिरून तितक्याच वजनाच्या साखरेत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी लालभडक रस सुटलेला असतो, गॅस पेटवावाच लागत नाही. न तापवलेलं असल्याने ते आठवडाभरातच वापरावं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं. साखरेमुळे ते दगडासारखं कडक होत नाही, चमच्याने काढता येतं.

पण कोकणातलं कोकम सिरप या सगळ्या नियमांना अपवाद वाटतं. रातांब्यांच्या सालींवर त्यांच्या दीड-दोनपट साखर थरांनी घालून बरणी उन्हात ठेवतात. साली रस सोडतात, साखर तो पिऊन घेते आणि पावसाळ्याआधी दाट जांभळट-लाल सिरप तयार होतं. ते वर्षभर राहतं, कारण त्यात साखर भरपूर आहे आणि कोकम मुळातच जबर आंबट आहे. त्या आंबटपणात साखरेत तग धरणाऱ्या जंतूंचंही फारसं चालत नाही. आगळ मात्र वेगळं. ते मिठाचं असतं आणि चुकून ग्लासात गेलं तर कॉकटेल संपलंच.

गोव्याच्या काजू फेणीशी या सिरपचं छान जमतं. 45 मिली फेणी, 20 मिली कोकम सिरप आणि चिमूटभर मीठ बर्फावर घालून वरून सोडा. लिंबू घालायचं तर अगदी 5 मिली, आणि तेही चाखून, कारण दर मोसमात कोकमाचा आंबटपणा वेगळा उतरतो.