वळणावर रेंगाळणारी गाडी

कॉम्प्युटर गेममध्ये रुळांवरून धावणारी पाच डब्यांची गाडी दाखवायची असेल, तर रुळांसाठी एक वक्ररेषा आखतात आणि त्या रेषेवर डबे एकामागे एक ठेवून पुढे सरकवतात. हे काम अगदी सरळधोपट पद्धतीने केले, तर गाडी चमत्कारिक वागू लागते. सरळ रुळांवर डब्यांमध्ये मोठाली फट पडते, वळणावर तेच डबे एकमेकांत घुसतात. वळण संपले की गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी सुसाट सुटते. वेग मात्र कुणीच बदललेला नसतो.

अशा रेषेला स्प्लाइन म्हणतात. आखणाऱ्याने मोजके बिंदू द्यायचे, मधली गुळगुळीत रेषा गणिताने काढायची. तिचा सर्वांत परिचित प्रकार फ्रेंच मोटार कारखान्यांत जन्मला. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६० च्या आसपास एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही पद्धत बसवली. त्यांना हवा होता तो मोटारीच्या पत्र्याचा आकार. त्या रेषेवरून पुढे काही धावणार आहे, हा विचार त्या सूत्रात नव्हताच. आपल्या गाडीच्या विक्षिप्तपणाचे मूळ तिथे आहे.

या सूत्राला t नावाची एक संख्या द्यावी लागते. गणितात तिला प्रचल म्हणतात. t शून्य असताना सूत्र रेषेची सुरुवात देते, एक असताना शेवट, आणि मधल्या किमतींना मधल्या जागा. मग साहजिकच वाटते की दर सेकंदाला t सारखाच वाढवला तर वस्तूही सारखीच सरकेल. पण t म्हणजे अंतर नव्हे. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड कुणीतरी मनाला येईल तसे, कुठे दाट तर कुठे विरळ रोवले आहेत अशी कल्पना करा. ‘मिनिटाला एक दगड ओलांडायचा’ असा हुकूम असलेला चालक दाट दगडांपाशी रांगेल आणि विरळ भागात भरधाव जाईल. t च्या किमती रेषेवर अशाच असमान अंतरांवर रोवलेल्या असतात.

दोष वळणाचा नाही, हे पाहायचे तर वळण काढूनच टाकू. १०० मीटरचा सरळ रस्ता घेऊ. बेझिए पद्धतीत रेषेच्या एका तुकड्याला चार बिंदू लागतात: दोन टोकांचे आणि रेषेला आपल्याकडे ओढणारे दोन मधले. आपण ते ०, १०, ९० आणि १०० मीटरवर ठेवू आणि दहा सेकंदांत t शून्यापासून एकपर्यंत समान गतीने नेऊ. सूत्रात किमती घातल्या की पहिल्या सेकंदाअखेर वस्तू ४.९६ मीटरवर असते, दुसऱ्याअखेर १३.२८ वर, तिसऱ्याअखेर २४.१२, चौथ्याअखेर ३६.६४ आणि पाचव्याअखेर बरोबर ५० मीटरवर. पहिल्या सेकंदात पाच मीटरसुद्धा नाहीत आणि पाचव्यात तेरा मीटरांहून जास्त! निघतानाचा वेग सेकंदाला ३ मीटर, तर मध्यावरचा १३.५ मीटर, म्हणजे साडेचार पट. मधले दोन बिंदू टोकांजवळ ठेवल्यामुळे t च्या किमती टोकांपाशी दाटल्या, एवढेच कारण.

मग वळणावरच गाडी का रेंगाळते? आखणाऱ्याच्या सवयीमुळे. एडविन कॅटमुल आणि राफाएल रोम यांनी १९७४ मध्ये मांडलेली स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जाते, म्हणून गेममधील मार्गांसाठी ती सोयीची. सरळ भागाला दोन बिंदू पुरतात. वळण नीट बसवायला मात्र चार-पाच बिंदू जवळजवळ द्यावे लागतात. साध्या पद्धतीत लगतच्या दोन बिंदूंमधला प्रत्येक तुकडा सारख्याच वेळात पार होतो. एक तुकडा १० मीटरचा आणि दुसरा १०० मीटरचा असेल, तर दुसऱ्यावरचा सरासरी वेग दहा पट होणारच. डब्यांचेही तेच. त्यांच्यामधला t चा फरक कायम असतो, पण त्या फरकाचे मीटर जागोजागी बदलतात.

यावर नेमका उपाय म्हणजे t ऐवजी अंतर विचारणारे सूत्र: ‘सुरुवातीपासून रेषेवरून ४० मीटर गेलो, तर मी कुठे?’ पण असे सूत्र सहसा हाती लागत नाही. वक्राची लांबी काढण्यासाठी लागणारे संकलन अशा त्रिघाती रेषांच्या बाबतीत साध्या सूत्रात मावत नाही. फरूकी आणि साक्कालिस या गणितज्ञांनी १९९१ मध्ये याहून पक्की गोष्ट सिद्ध केली: सरळ रेषा सोडली, तर बहुपदींनी किंवा त्यांच्या भागाकारांनी लिहिलेला कोणताही वक्र प्रचलाच्या समान वाढीला समान अंतर देऊ शकत नाही. म्हणजे मधले बिंदू कितीही चतुराईने हलवले तरी वळणदार बेझिए रेषेवर वेग पूर्ण एकसारखा होणार नाही.

म्हणून व्यवहारात तक्ता करतात. रेषेवर t च्या ठरावीक किमतींना बिंदू घ्यायचे, लगतच्या बिंदूंमधली सरळ अंतरे मोजून त्यांची बेरीज करत जायचे आणि प्रत्येक t समोर ‘इथवर किती अंतर झाले’ हे लिहून ठेवायचे. वस्तू चालवताना वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराने अंतर काढायचे, तक्त्यात ते कोणत्या दोन नोंदींच्या मध्ये पडते ते पाहायचे आणि त्या प्रमाणात मधला t घ्यायचा.

आपल्या रस्त्यावर हे करून पाहू. सेकंदाला १० मीटर असा वेग हवा, तर एका सेकंदानंतर वस्तू १० मीटरवर असली पाहिजे. तक्त्यात ४.९६ मीटरसमोर t ०.१ आहे आणि १३.२८ समोर ०.२. दहा मीटर यांच्या मध्ये पडतात. प्रमाणाने t सुमारे ०.१६०६ येतो. हा t मूळ सूत्रात घातला तर वस्तू ९.६५ मीटरवर येते. साध्या पद्धतीतल्या ४.९६ पेक्षा हे कितीतरी बरे, तरी ३५ सेंटिमीटर कमीच. दहाऐवजी शंभर भागांचा तक्ता केला, तर ही चूक शंभरपटीच्या आसपास घटते आणि अर्ध्या सेंटिमीटरच्याही आत येते. वक्र रेषेवर आणखी एक उणीव राहते. सरळ तुकड्यांनी मोजलेली लांबी खऱ्या लांबीपेक्षा नेहमी थोडी कमी भरते, आणि तीव्र वळणावर ही तूट जास्त असते. शिवाय एखादा बिंदू हलवला की तक्ता नव्याने करावा लागतो. हे विसरले, तर नव्या रेषेवर जुनी अंतरे लागू होतात आणि दुरुस्त झालेला दोष परत आल्यासारखा दिसतो.

तयार साधनांत बहुधा दोन्ही मार्ग असतात. वेबपानांवर त्रिमितीय चित्रे दाखवणाऱ्या three.js मध्ये `getPoint` हे t प्रमाणे जागा देते, तर `getPointAt` अंतराच्या प्रमाणात. नावे इतकी सारखी की चुकीचे सहज निवडले जाते. खात्री करायची सोपी रीत म्हणजे सारख्या वेळाने रेषेवर ठिपके टाकत जायचे. ते कुठे दाट, कुठे विरळ पडले तर वस्तू t वर चालते आहे. सारख्या अंतरावर पडले तर अंतरावर.

अंतराचा तक्ता बसवल्यावरही एक मर्यादा उरते. तक्ता आखलेल्या मधल्या रेषेचा असतो. शर्यतीच्या गेममध्ये गाडी त्या रेषेच्या दोन मीटर डावीकडून पळत असेल, तर डाव्या वळणावर तिचा मार्ग मधल्या रेषेपेक्षा आखूड होतो. मधल्या रेषेवर २० मीटर त्रिज्येचे वळण असेल, तर आतली गाडी १८ मीटर त्रिज्येवर फिरते आणि तिचा खरा वेग दहा टक्क्यांनी कमी दिसतो. बाहेरून तेवढ्याच अंतरावर असलेली गाडी दहा टक्क्यांनी जास्त पळते. त्यामुळे अशा गेममध्ये प्रत्येक गाडीने एका टप्प्यात कापलेले खरे अंतर मोजून तिचा वेग सुधारून घ्यावा लागतो.