पश्चिमेचं ऊन आणि कोरियांची पडवी

घर बांधायला निघालेला माणूस वास्तुविशारदाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा खोल्यांची यादी असते. हॉल एवढा, दोन बेडरूम, देवघर, जमलं तर स्टडी. चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतल्या कार्यालयातून निघालेल्या इमारती पाहिल्या की वाटतं, तिथे विचाराची सुरुवात वेगळ्याच ठिकाणाहून होत होती. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी माणूस कुठे बसेल?

मुंबईत या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे वारा तिकडून आणि देखावाही तिकडेच. पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाळ्यातला झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो. खिडकी उघडी ठेवावी तर घर तापतं, भिजतं. बंद ठेवावी तर समुद्र असून नसल्यासारखा.

यावर बहुतेक बिल्डर खिडकीवर छज्जा काढून मोकळे होतात. जरा हिशेब करून पाहू. मार्चमध्ये पावणेपाचच्या सुमारास मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटी छज्जाची सावली भिंतीवर जेमतेम चौदा इंच उतरते. चार फुटी खिडकीचा बहुतांश भाग उन्हातच राहतो. दक्षिणेच्या खिडकीला हाच छज्जा बऱ्यापैकी कामाला येतो, कारण डिसेंबरातही दुपारचा सूर्य तिथे वर असतो. तेव्हा पश्चिमेला फळी वाढवत बसण्यात अर्थ नसतो. तिथे खोली लागते, म्हणजे मधे एक आख्खी जागा लागते. दहा फूट खोल पडवी असेल तर त्याच वेळी सावली जवळपास पावणेसहा फूट खाली येते. सूर्य आणखी उतरला की ऊन आत शिरतं खरं, पण आधी ते पडवीतच पडतं. मागची खोली त्यातून बरीचशी सुटते. मुंबईतल्या जुन्या बंगल्यांभोवती व्हरांडे होते ते यासाठीच.

कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत म्हणजे त्या व्हरांड्याचंच उंच रूप. अठ्ठावीस मजले, फ्लॅट फक्त बत्तीस, बांधून झाली १९८३ मध्ये. लांबून पाहिली तर चौकोनी खांबाचे कोपरे ठिकठिकाणी कातरून काढल्यासारखे दिसतात. ती कातरलेली जागा म्हणजे दोन मजली उंचीची बाग-गच्ची. घर पूर्व-पश्चिम आरपार आहे, त्यामुळे वारा घुसतो आणि पलीकडून निघून जातो. नुसता मजल्याचा नकाशा बघून हे उलगडत नाही. त्यासाठी छेद बघावा लागतो, म्हणजे इमारत केकसारखी उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं चित्र. तुमच्या घराचा नकाशा आला की छेदही मागून घ्या, आणि उत्तरेचा बाण कुठे आहे ते आधी शोधा. बाण नसेल तर ऊन-वाऱ्याबद्दल पुढचं काही बोलताच येत नाही.

अर्थात कांचनजंगा श्रीमंतांसाठी होती. तोच विचार कमी पैशांत कसा बसतो ते पाहायला सीबीडी बेलापूरला जावं. सिडकोसाठी तिथे कोरियांनी १९८३ ते ८६ मध्ये छोटी बैठी घरं आखली, ४५ ते ७५ चौरस मीटरच्या भूखंडांवर. इथे पडवीचं काम अंगण करतं. सात घरं मिळून आठ बाय आठ मीटरचा एक चौक, असे तीन गट मिळून आणखी मोठा चौक, आणि तशीच वाढत जाणारी वस्ती. प्रत्येक घराला आपलं अंगण, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. भिंत सामाईक असली की खोली वाढवायची तर शेजाऱ्याशी वाटाघाटी आल्या. इथे पैसे साठले की माणूस आपलं घर आपण वाढवू शकत होता.

लोकांनी ते केलंही, अपेक्षेपेक्षा फार जास्त. कित्येक मूळ घरं आज पाडून तिथे वरचे मजले चढले आहेत, उतरत्या कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आहे. खासगी अंगण बंद करून खोली केली की आतल्या खोल्यांचा वारा जातो, दिवसा दिवा लावावा लागतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला सरकत्या काचा लावल्यावर जे होतं तेच. तिथे चार चौरस मीटर मिळतात आणि पश्चिमेचं ऊन थेट काचेतून आत येतं. सामाईक चौक मात्र कुणाच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते, म्हणून ते टिकले. घरं बदलली तरी मधल्या झाडांखालची सावली अजून तिथेच आहे.