रात्रीचा जांभळा

मटेरियल थीमचा मूळ जांभळा रंग `#6750A4`. पांढऱ्या बटणावरच्या अक्षरांसाठी तो उत्तम: दोन्हींतला कॉन्ट्रास्ट सुमारे ६.४. लहान अक्षरांना किमान ४.५ पुरतो. पण हाच जांभळा डार्क थीमच्या `#141218` या जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर ठेवला, की आकडा २.९ वर घसरतो आणि अक्षरे अंधारात बुडतात.

म्हणून डार्क थीममध्ये रंगांची नुसती उलटापालट चालत नाही. मटेरियल एकाच रंगाच्या उजळ-गडद छटांची मालिका बनवते. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. दिवसा मुख्य रंग ४० व्या छटेचा, रात्री ८० व्या छटेचा. तो फिकट जांभळा `#D0BCFF` काळ्यावर जवळपास ११ चा कॉन्ट्रास्ट देतो.

अँड्रॉइड १२ पासून डायनॅमिक कलर हीच मालिका वॉलपेपरवरून घडवतो. जुन्या फोनसाठी मात्र स्वतःची रंगयोजना तयार ठेवावी लागते.

खरी फसगत होते ती `Color.White` कोडमध्ये थेट लिहिल्यावर. रात्री फिकट झालेल्या बटणावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट १.७ उरतो. तिथे `onPrimary` हवा, तो थीमबरोबर बदलतो. चाचणीही दोन्ही थीममध्ये, निरनिराळे वॉलपेपर लावून करावी.