थोडे सुखी की पुष्कळ जेमतेम?

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात एक पेच मांडला. जगातले एकूण सुख जितके जास्त तितके जग चांगले, असे मानले तर सुखी माणसांच्या कोणत्याही जगापेक्षा एक प्रचंड लोकसंख्येचे जग सरस ठरते, जिथे प्रत्येकाचे आयुष्य जेमतेम जगण्याजोगे असते. माणसे पुरेशी वाढवली की बेरीज पुढे जातेच. पार्फिट यांना हे पटण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी त्याला ‘घृणास्पद निष्कर्ष’ म्हटले.

बेरीज सोडून सरासरी धरावी, हा उपाय लगेच सुचतो, पण तो टिकत नाही. एखाद्या जगात सगळेच भयंकर यातनेत आहेत असे समजू. तिथे किंचित कमी यातना भोगणारी आणखी माणसे जन्माला घातली, तर सरासरी सुधारते. मात्र केवळ सोसण्यासाठी माणसे वाढवल्याने जग सुधारले, असे कुणी म्हणणार नाही.

शिवाय बेरजेचे तत्त्व न मानताही माणूस त्याच निष्कर्षाकडे ओढला जातो, आणि खरी अडचण इथेच आहे. समजा, पहिल्या जगात 1,000 माणसे आहेत व प्रत्येकाचे सुख 100 आहे. दुसऱ्या जगात त्यांचे सुख तेवढेच राहते, शिवाय दूर कुठेतरी 60 सुखाची आणखी 1,000 माणसे असतात. कुणाचे काही हिरावलेले नाही आणि नव्यांचे आयुष्यही चांगले आहे, तेव्हा दुसरे जग पहिल्यापेक्षा वाईट म्हणता येत नाही. तिसऱ्या जगात या 2,000 जणांना सारखेच 82 सुख मिळते. दुसऱ्या जगाची सरासरी 80 होती. म्हणजे इथे एकूण सुखही वाढले आणि विषमताही गेली. तिसरे जग दुसऱ्यापेक्षा चांगले, म्हणून पहिल्यापेक्षा निदान वाईट तरी नाही. हीच पावले पुन्हा पुन्हा टाकत गेले, की शेवटी प्रत्येकी 1 सुखाची अगणित माणसे उरतात.

यातले कोणतेही पाऊल सुटे पाहिले तर चुकीचे वाटत नाही. काहींनी जन्मासाठी सुखाची एक किमान पातळी ठरवून त्याखालची आयुष्ये उणे मोजली. मग चांगली पण या पातळीखालची पुष्कळ आयुष्ये वाढवण्यापेक्षा यातनेतली थोडी वाढवणे बरे, असे निघते. ही किंमत मूळ निष्कर्षापेक्षाही जड आहे. स्वीडिश तत्त्वज्ञ गुस्ताफ अर्‍हेनियस यांनी तर सिद्ध केले की सहज पटणाऱ्या अशा सगळ्या अटी एकाच सिद्धांतात बसूच शकत नाहीत.

त्यामुळे टोर्ब्योर्न टॅन्शो यांच्यासारखे काही जण निष्कर्षच स्वीकारतात. त्यांच्या मते ‘जेमतेम’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे हालअपेष्टा येतात, पण व्याख्येनुसार ते आयुष्य जगण्याजोगे आहे. आणि प्रचंड संख्येची कल्पना मनाला पेलत नाही. 2021 साली 29 अभ्यासकांनी मिळून जाहीर केले, की एखादा सिद्धांत या निष्कर्षाकडे नेतो एवढ्याच कारणाने तो टाकून देऊ नये.