दहावीच्या मुलाला काय द्यावं?

दिवाळी उरकली की दहावीचं मूल असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘नव्वदच्या वर आण, मग मोबाइल माझ्याकडून.’ म्हणणारा मामा असतो, काका असतो, कधी स्वतः बाबा असतात. त्यांची माया खरी असते. पण मुलाच्या डोक्यात राहतो तो नव्वदचा आकडा. सत्त्याऐंशी मिळाले तर मोबाइल तर जाईलच, शिवाय मामाला तोंड दाखवायची चोरी होईल, हेही त्याला तेव्हाच कळलेलं असतं.

अशा कबूल केलेल्या बक्षिसाचं काय होतं, यावर 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर, कल्पना नसताना दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं, तर बक्षीस आधी कबूल केलेली मुलं इतरांपेक्षा जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. ती मुलं लहान होती आणि चित्रं त्यांच्या आवडीची होती. बीजगणिताला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरी एक गोष्ट मला यातून घ्यावीशी वाटते. भेट द्यायचीच तर ती निकालाला बांधू नये. जे आज लागतं, ते आज द्यावं.

आज काय लागतं, हे मुलालाच विचारावं. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या भाचीला मी डिसेंबरमध्ये फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारलं नाही. ‘तुझ्या कंपासपेटीत काय बिघडलंय?’ एवढंच विचारलं. ती हसली आणि मग भराभर सांगत सुटली. वर्तुळ काढायचा कंपास ढिला झालाय. पेन सारखे संपतात. रात्री दिवा लावला की शेजारी झोपलेल्या आजीला त्रास होतो. अपेक्षित प्रश्नसंच मात्र तिच्याकडे आधीच तीन होते. चौथा कुणी दिला असता, तर ‘आहे तो अभ्यास पुरेसा नाही’ एवढाच निरोप तिला पोचला असता.

कंपासचं दुखणं दिसायला किरकोळ आहे, पण भूमितीच्या पेपरात ते गुण खातं. बिजागरीचा स्क्रू ढिला असला की वर्तुळ काढताना त्रिज्या नकळत सरकते. स्पर्शिकेच्या रचनेत कंस जिथे छेदायला हवेत तिथे छेदत नाहीत. मग मुलगी खोडते, पुन्हा काढते, आणि आपलंच चुकलं असं समजते. विकत घेताना दुकानातच एक पूर्ण वर्तुळ काढून पाहावं. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन नेमकी मिळाली, तर कंपास चांगला. मी धातूचा, घट्ट स्क्रूचा घेतला. त्याच्या जोडीला आखूड पेन्सिली दिल्या, कारण लांब पेन्सिल लावली की तो कलंडतो.

पेनाच्या बाबतीत देणाऱ्याला मोह होतो तो भारी पेनाचा. नक्षीच्या डबीतलं, नाव कोरलेलं पेन हातात आलं की त्याने लिहिलेल्या पेपरातही तसंच काही दिसावं अशी अपेक्षा आपोआप चिकटते. शिवाय त्याची जाडी, वजन, शाईचा ओघ सगळं हाताला नवं असतं. भाषेचा पेपर 80 गुणांचा आणि तीन तासांचा. तेवढा वेळ बोटांनी तक्रार करू नये असं वाटत असेल तर सवयीचंच पेन हवं. ती वापरते त्याच साध्या पेनांचं एक अख्खं पाकीट मी दिलं. सराव आणि परीक्षा दोन्ही त्याच पेनाने होतात.

दिव्यासाठी टेबलावरचा, मान वळवता येणारा एलईडी दिवा घेतला. प्रकाश फक्त वहीवर पडतो, आजी झोपू शकते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. स्वस्त दिव्यांतले काही डोळ्यांना न जाणवणारे लुकलुकतात. दुकानात मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा दिवा मागावा. त्यांच्याकडे वीज जाते, म्हणून चार्ज होणारा निवडला.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते काट्यांचं साधं मनगटी घड्याळ. परीक्षेच्या दालनात स्मार्टवॉच चालत नाही, आणि घरी मोबाइलवर वेळ पाहायला गेलं की वेळ सोडून भलतंच पाहिलं जातं. राज्य मंडळाच्या भूमितीचा किंवा भूगोलाचा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा असतो. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नावर काटा नऊ-दहा मिनिटं सरकला की पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. भाषेत हिशेब जरा आवळतो, गुणाला सव्वादोन मिनिटं. भाचीला उत्तरं येत होती, शेवटचा प्रश्न मात्र दर वेळी राहत होता. घड्याळ लावून, पॅडवर सुटे कागद घेऊन तिने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला सुरुवात केली, तेव्हा तिचं तिलाच दिसलं, की पहिल्या दोन-गुणी प्रश्नाला ती पाऊण पान लिहीत बसते. हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती चिडली असती.

सामान पूर्वपरीक्षेच्या आधी पोचावं. बोर्डाच्या आदल्या संध्याकाळी नवी वस्तू देणं म्हणजे नवी धाकधूक देणं. सोबतच्या चिठ्ठीतही ‘आमची मान उंच कर’ किंवा ‘तू पहिली येणारच’ असं लिहू नये. दोन्ही वाक्यं प्रेमाची आहेत, पण दोन्हींचं उत्तर मुलीला निकालाच्या दिवशी द्यावं लागतं. मी लिहिलं, ‘बिनधास्त वापर. संपलं की सांग, पाठवतो.’

वस्तूंखेरीजही देता येतं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे लग्नसराई. ज्या लग्नाला घरातल्या सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं वाटतं, तिथे आत्याने दहावीच्या मुलीपाशी थांबणं ही मोठी भेट. पेपर अकराला सुरू होतो, पण साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं. गाव तालुक्यापासून लांब असेल तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर रोज ते जमवणं कठीण. पेपरांच्या सकाळी मोटारसायकलने नेऊन सोडायचं कुणी आधीच कबूल केलं, तर आई-वडिलांचा आणि मुलीचा रोजचा घोर मिटतो. पोचवणाऱ्याने एक पथ्य पाळावं. परतताना ‘किती सुटला?’ विचारू नये. ती आपणहून बोलली तर ऐकावं, नाही तर उद्या किती वाजता निघायचं एवढंच ठरवावं.

आणि मोठी भेट द्यायचीच असेल, सायकल, सहल, तिला हवी असलेली पुस्तकं, तर ती शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी द्यावी. निकालाला तेव्हा अवकाश असतो. वर्षभर पहाटे उठून केलेल्या कामाची ती दाद असते, आणि गुण कितीही पडले तरी ती परत घेता येत नाही.