पुढच्या चाकाची हवा वेगळी, मागच्याची वेगळी

सहाचाकी ट्रक हवा भरायला थांबतो, क्लीनर खाली उतरतो आणि सांगतो, "सगळ्यांना एकशे दहा." मग सहाही टायरांना ११० पौंड हवा भरली जाते. हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर उत्तर मिळतं की आधीपासून एवढीच भरतो. वास्तविक पुढचं एकटं चाक आणि मागच्या जोडातलं चाक यांच्यावर पडणारा भार वेगळा असतो. टायर बनवणारी प्रत्येक मोठी कंपनी त्यासाठी एक तक्ता छापते: अमुक मापाच्या टायरवर एवढं वजन येणार असेल तर त्यात किमान एवढी हवा हवी. हा तक्ता वाचायला अवघड नाही. पण त्याआधी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट टायरच्या बाजूवरच लिहिलेली असते. लांब पल्ल्याच्या आरामबसला आणि काही जड ट्रकना लागणारं एक माप घेऊ: २९५/८० आर २२.५, आणि त्यापुढे १५२/१४८ एम. यातले १५२ आणि १४८ हे भार निर्देशांक आहेत. आंतरराष्ट्रीय यादीत १५२ म्हणजे ३,५५० किलो आणि १४८ म्हणजे ३,१५० किलो. पहिला आकडा टायर एकटा बसवला असेल तेव्हाचा, दुसरा जोडीने बसवला असेल तेव्हाचा. टायर तोच, तरी जोडीत त्याची क्षमता ४०० किलोंनी कमी धरतात. कारण जोडीतले दोन टायर भार कधीच अगदी सारखा वाटून घेत नाहीत. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, एक टायर थोडा जास्त झिजलेला असतो, आतल्या टायरला वारा कमी लागतो. ही कसर आधीच धरून ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्त्यातलं वजन कशाचं आहे ते पाहणं. युरोपीय पद्धतीच्या तक्त्यात बहुधा संपूर्ण एक्सलचं वजन देतात, म्हणजे पुढे दोन टायरांचं आणि मागे चार टायरांचं मिळून. अमेरिकी पद्धतीच्या तक्त्यात बरेचदा एका टायरचं वजन असतं. रकान्याच्या डोक्यावरची ओळ न वाचता बोट खाली सरकवलं, तर उत्तर दुप्पट किंवा चौपट चुकतं. 'एस' म्हणजे एकटा टायर आणि 'डी' म्हणजे जोड, हेही त्याच ओळीत असतं.

तिसरी गोष्ट अशी की तक्त्यातला दाब थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चालली असावी. महामार्गावर धावून आलेल्या टायरचा दाब सहज दहा-पंधरा पौंड चढलेला असतो. तो पाहून हवा सोडणं हा आपल्याकडचा सर्वांत घातक रिवाज आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढलेला दाब तक्ता बनवताना गृहीतच धरलेला असतो. तो उतरवला की टायर पुन्हा थंड झाल्यावर हवा कमी पडते, बाजूची भिंत जास्त वाकते आणि उष्णता आणखी वाढते.

आता प्रत्यक्ष तक्ता. वरच्या मापासाठी एक्सलच्या वजनाचे आकडे साधारण असे असतात. कंपनीनुसार दहा-वीस किलोंचा फरक पडतो, म्हणून शेवटी आपल्या टायरच्या कंपनीचाच तक्ता वापरायचा.

६.५ बार (९४ पौंड): पुढे ५,७३० किलो, मागे जोडीत १०,१७० किलो
७.० बार (१०२ पौंड): पुढे ६,०८० किलो, मागे १०,७९० किलो
७.५ बार (१०९ पौंड): पुढे ६,४२० किलो, मागे ११,४०० किलो
८.० बार (११६ पौंड): पुढे ६,७६० किलो, मागे १२,००० किलो
८.५ बार (१२३ पौंड): पुढे ७,१०० किलो, मागे १२,६०० किलो

समजा, हेच टायर लावलेला दोन एक्सलचा ट्रक मालासह काट्यावर आणला आहे. टाकी भरलेली आहे, ड्रायव्हर जागेवर बसलेला आहे. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली, वजन आलं ६,६०० किलो. मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची ठेवली, तेव्हा आलं १०,१०० किलो. एकूण १६,७०० किलो, म्हणजे दोन एक्सलच्या ट्रकला कायद्याने असलेल्या १८,५०० किलोंच्या मर्यादेत. काट्यावर एकूण वजनाची पावती घेऊन बहुतेक लोक इथेच थांबतात. हवेच्या कामासाठी ती पावती निरुपयोगी आहे. आपल्याला एक्सलचं वजन हवं आणि शक्य असेल तर प्रत्येक बाजूचंही.

फक्त एक्सलचं वजन पाहिलं तर मागे १०,१०० किलोंना ६.५ बार पुरेसे वाटतात, कारण त्या ओळीत १०,१७० किलो लिहिले आहेत. पण माल रचताना डावीकडे जास्त गेला असेल तर? काट्याच्या भोवतीची जमीन समपातळीत असेल, तर गाडी बाजूला सरकवून एकेका बाजूची चाकं तोलता येतात. आपल्या ट्रकची मागची डावी बाजू ५,३५० किलो आणि उजवी ४,७५० किलो भरली. नियम असा की जड बाजू घ्यायची आणि तिची दुप्पट करून तक्त्यात पाहायची. ५,३५० ची दुप्पट १०,७००. आता ६.५ ची ओळ अपुरी ठरते आणि ७.० बार घ्यावे लागतात. पुढे डावीकडे ३,३५० आणि उजवीकडे ३,२५० किलो आहेत. दुप्पट ६,७००, म्हणजे ८.० बार. आकडा दोन ओळींच्या मध्ये पडला की नेहमी वरच्या दाबाची ओळ घ्यायची. दोन्ही बाजूंना दाब मात्र एकच ठेवायचा, कारण एकाच एक्सलवर डावी-उजवी हवा वेगळी असेल तर ब्रेक लावताना गाडी ओढली जाते. बाजूचं वजन घेणं शक्यच नसेल, तर एक ओळ वर जाणं हा शहाणपणाचा मार्ग आहे.

उत्तर आलं पुढे ११६ पौंड आणि मागे १०२ पौंड. आता तो "सगळ्यांना एकशे दहा" आठवा. ११० पौंडांना पुढचा डावा टायर जेमतेम ३,२०० किलोंच्या आसपास पेलू शकतो आणि त्याच्यावर आहेत ३,३५०. मागे मात्र गरजेपेक्षा आठ पौंड जास्त. म्हणजे एकच आकडा एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त पडला.

दोन्ही चुका सारख्या नाहीत. हवा जास्त झाली की टायर मध्यभागी टेकतो, तिथली नक्षी आधी झिजते, दगडाचे घाव जास्त लागतात आणि रिकामी गाडी उडते. हे नुकसान पैशाचं आहे. कमी हवेत मात्र टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि त्याहून वाईट म्हणजे बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा जास्त वाकतात. वाकून वाकून तार तुटते, शेजारच्या तारेवर ताण येतो आणि एक दिवस भिंत चेन उघडल्यासारखी सरळ रेषेत फाटते. पुष्कळदा हे गाडी चालताना होत नाही, तर तोच टायर दुरुस्त करून पुन्हा हवा भरताना होतं आणि भरणारा माणूस समोर बसलेला असतो. म्हणून ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर, म्हणजे आपल्या उदाहरणात पुढे साधारण ९३ पौंडांखाली गेलेला, थेट हवा भरून रस्त्यावर आणायचा नसतो. तो रिममधून काढून आतून तपासायचा आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरायचा. हातोडा मारून आवाजावरून हवा ओळखण्याने यातलं काही कळत नाही. ११६ आणि ९३ पौंडांचा आवाज कानाला जवळजवळ सारखाच लागतो.

तक्त्याची सर्वांत खालची ओळ हीदेखील मर्यादाच असते. रिकाम्या परतीच्या प्रवासात मागच्या एक्सलवर तीन-साडेतीन टन राहतात, पण तेवढ्याकरता तक्त्यात ओळच नसते आणि अंदाजाने त्याखाली जाता येत नाही. शिवाय फेरीगणिक हवा सोडायची आणि भरायची हे व्यवहारात होत नाही. त्यामुळे ट्रक नेहमीच्या कामात जेवढा जास्तीत जास्त भार नेतो, तेवढ्यासाठी दाब ठरवायचा आणि तोच कायम ठेवायचा.

वरची ओळ तर त्याहून कठोर असते. तिथे पोचल्यावर आणखी हवा भरून आणखी माल पेलता येत नाही. आपल्याकडे इथेच मोठा घोटाळा होतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलची मर्यादा वाढवली. दोन टायरांच्या पुढच्या एक्सलला ६ टनांऐवजी ७ टन आणि चार टायरांच्या एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन. कायदा एका दिवसात बदलला, गाडीखालचे टायर मात्र तेच राहिले. रस्त्यावर फार मोठ्या संख्येने दिसणारा १०.०० आर २० हा टायर १४६/१४३ निर्देशांकाचा घ्या. १४६ म्हणजे ३,००० किलो, म्हणून पुढे दोन टायरांवर ६,००० किलो. १४३ म्हणजे २,७२५ किलो, म्हणून मागे चारांवर १०,९०० किलो. पुढे पूर्ण ७ टन आणि मागे पूर्ण ११.५ टन घालणारी गाडी कायद्याच्या काट्यावर पास होते आणि टायरच्या तक्त्यावर नापास होते. तिथे १३० पौंड हवा भरली तरी टायरची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. उलट रिमचीही एक मर्यादा असते, तीही ओलांडली जाते. अशा वेळी दोनच वाटा उरतात: माल कमी करायचा किंवा जास्त निर्देशांकाचे टायर घ्यायचे.

हवामानाचा हिशोबही सोडू नका. बंद टायरमधली हवा दहा अंशांनी थंड झाली की ट्रकच्या टायरचा दाब साधारण चार पौंड उतरतो. दुपारी ४० अंशांत भरलेला ११६ पौंडांचा टायर डिसेंबरातल्या नाशिकच्या १० अंशांच्या पहाटे १०४ च्या आसपास असतो. छिद्र नाही, वॉल्व्ह चांगला आहे, तरी एक ओळ सोडा, जवळजवळ दोन ओळी खाली. म्हणून ऋतू बदलला की सकाळी, गाडी हलण्याआधी, पुन्हा मोजायचं. जोडीतला आतला टायर हात पोचत नाही म्हणून नेहमी वगळला जातो. त्याच्या वॉल्व्हला लांब नळी बसवून घेतली की तो बहाणा संपतो. जोडीतल्या दोघांत पाच पौंडांहून जास्त फरक राहू देऊ नये.

टायर घेताना दुकानदाराकडे त्या मापाचा भार-दाब तक्ता मागा. गाडी भरून एकदा एक्सलवार वजन करा आणि निघालेले दोन आकडे पुढच्या आणि मागच्या मडगार्डवर रंगवून घ्या, म्हणजे क्लीनर बदलला तरी हवा बदलणार नाही. टायरचं माप किंवा नेहमीचा माल बदलला, की ते पुसून नव्याने तोलायचं.