नजर चेंडूवर, कान सोबत्याकडे

सप्टेंबर 1999, कँडीची कसोटी. श्रीलंकेच्या महेला जयवर्धनेने मारलेला स्वीप उंच उडाला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ चेंडूवर डोळे लावून मागे धावत सुटला. त्याच चेंडूसाठी सीमारेषेकडून जेसन गिलेस्पी पुढे धावत आला. दोघे एकमेकांवर आदळले. वॉचे नाक मोडले, गिलेस्पीचा पाय मोडला. गिलेस्पीला पुन्हा कसोटी खेळायला वर्षाहून अधिक काळ लागला.

खरे तर दोघेही लहानपणापासून शिकवलेलेच करत होते. उंच झेलाचा पहिला नियमच चेंडूवरून नजर न हटवण्याचा आहे. तीस मीटर उंच गेलेला चेंडू हातात यायला साधारण पाच सेकंद लागतात. आधी वेगाने धावून त्याच्या खाली पोहोचायचे, मग स्थिर व्हायचे. हात पसरून धावले की वेग मंदावतो आणि डोके हलते. डोके हलले की चेंडूचा अंदाजही चुकतो. म्हणून हात शेवटीच वर आणायचे.

खाली येताना चेंडूचा वेग ताशी 75 किलोमीटरच्या आसपास असतो. ताठ तळव्यावर तो आपटून उसळतो. त्यासाठी ओंजळ करायची: करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, बोटे सैल व पसरलेली, कोपरे किंचित वाकलेली, हात हनुवटीच्या थोडे खाली. चेंडू लागताच हात त्याच्याबरोबर छातीकडे आणायचे, म्हणजे धक्का जिरतो. ऑस्ट्रेलियात रुळलेल्या दुसऱ्या पद्धतीत अंगठे जुळवून, बोटे आकाशाकडे करून कपाळासमोर झेल घेतात. त्यात चेंडू अखेरपर्यंत डोळ्यांच्या रेषेत राहतो, पण हात मागे न्यायला जागा कमी मिळते. कोणती पद्धत घ्यायची हे आधीच ठरलेले हवे. चेंडू डोक्यावर असताना विचार बदलला की तो मनगटावर नाहीतर बोटांच्या टोकांवर आदळतो.

मात्र वर पाहणाऱ्याला शेजारून धावत येणारा दिसत नाही. ते काम आवाजाने करावे लागते. चेंडू सर्वात उंचावर पोहोचून खाली वळला की तो कुठे पडणार याचा अंदाज बऱ्यापैकी पक्का होतो. तेव्हा जो निश्चितपणे पोहोचणार, त्याने ‘माझा!’ असे मोठ्याने, पुन्हा पुन्हा ओरडायचे. त्याआधी ओरडले तर शब्द फिरवावा लागतो आणि गोंधळ वाढतो. दोघेही ओरडले, तर यष्टिरक्षकाने किंवा कर्णधाराने एकाचे नाव पुकारायचे. एरवी पुढे धावत येणाऱ्याला पहिला हक्क द्यावा, कारण चेंडू त्याच्या समोर असतो. मागे धावणाऱ्याला तो खांद्यावरून पाहावा लागतो. हाक ऐकताच दुसऱ्याने थांबायचे, वाटेतून बाजूला व्हायचे आणि झेल सुटलाच तर चेंडू अडवायला मागे उभे राहायचे.

सरावात प्रशिक्षकाने दोन खेळाडूंच्या बरोबर मध्ये उंच चेंडू मारावेत आणि न ओरडता घेतलेला झेल मोजू नये. आवाजाची सवय तिथेच लागते.